तोरण आणि सेफ्टी डोअर

चि. सौ. मनूस अनेक आशीर्वाद.

पहिला दसरा आहे, तोरण घरीच कर. विकतच्या तोरणात फुलं कमी आणि दोराच जास्त दिसतो.

तुझं दार 3 फुटी, म्हणजे 25 झेंडू लागतील. अर्धा किलो घे, उरलेली उंबरठ्याला होतील. दादरला आदल्या दिवशी सकाळीच जा. संध्याकाळच्या लोकलमध्ये बायका आत येतात आणि फुलांचा गुलकंद बाहेर पडतो. ढिगातलं फूल उचलून झटक. पाणी टपकलं तर ठेव खाली, आपण वजनावर घेतो आणि तो पाणी विकतो. घरी आल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवलीस तर आत घाम धरून सकाळी पाकळ्या काळ्या पडतील. वर्तमानपत्रावर पसर, पंखा लाव.

ओवताना देठ कापायचं, पण फुलाखालची हिरवी वाटी शाबूत ठेवायची. तुम्हा मुलींना सगळं नीटनेटकं हवं असतं, म्हणून तीही छाटता आणि मग पाकळ्या दिवसभर चपलांमध्ये सापडतात. सुई गोधडीची, दोरा दुहेरी आणि 5 फूट, म्हणजे बांधायला दोन्हीकडे फूटभर उरतो. शिवणाचा बारीक दोरा फूल कापत जातो. पाच फुलांमागे आंब्याचं एक जून पान. कोवळं तांबूस पान दिसतं छान, पण दुपारपर्यंत मान टाकतं.

आता खरी परीक्षा. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा नाही, म्हणून तू चिकटवायचे हूक आणणार. ते ऐन पूजेच्या वेळी पडतात. फुलांचा भार असून असून पाव किलो, तरी पडतात, कारण आपण दोरा सतारीसारखा ताणतो. जितका ताण, तितकी हुकाला ओढ. मधे चार बोटं झोळ सोड. भिंत कोरडी पुसून हूक रात्रीच चिकटव, तोरण सकाळी बांध.

पण झोळ सोडला की सेफ्टी डोअर आडवं येतं. ते बाहेर उघडतं आणि खाली लोंबणारं पान पहिल्याच पाहुण्यासोबत ओढून नेतं. म्हणून पान टोकाकडून देठाकडे दुमडून ओवायचं, लांबी निम्मी होते. चार बोटं झोळ, चार बोटं पान, म्हणून हूक चौकटीच्या वर पुरी एक वीत. माझी वीत हं, तुझी नाजूक आहे, दोन बोटं जास्त धर. बांधल्यावर दार पूर्ण उघडून बघ. पान हललं, तर अजून वर घे.

तुझ्या सासूबाई म्हणतील, ‘आमच्याकडे पान दुमडत नाहीत.’ हो म्हण, आणि दार त्यांना उघडू दे.

तुझी आजी

ता. क. स्टुलावर नातजावयांना चढव. तू खाली उभी राहून ‘डावीकडे, डावीकडे’ म्हण.