काल म्हणजे कोणता काल?

पाइपचा गॅस आल्यापासून आमच्या घरातलं सिलिंडर हलवून बघणं बंद झालं आणि आकडेमोड सुरू झाली. बिल येतं दोन महिन्यांनी. बाबा निवृत्त झाले ते लेखा विभागातून, त्यामुळे बिल येण्याआधी त्याचे पैसे वेगळ्या पाकिटात पडलेले असावेत, असा त्यांचा दंडक. पाकिटात किती टाकायचे हे सांगणं माझं काम, आणि त्यासाठी लागणारं मीटरचं रीडिंग पुरवणं हे बाकी घरादाराचं.

आता रीडिंग पुरवायचं म्हणजे मीटरचा फोटो पाठवायचा, इतकं ते साधं आहे. पण आमच्याकडे फोटो पाठवत नाहीत, फोटोचा स्क्रीनशॉट पाठवतात. त्यामुळे मला आईच्या फोनची बॅटरी बारा टक्के उरलीय हे कळतं, मावशीचे तीन मिस्ड कॉल दिसतात, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी मीटर असतं.

पहिल्या स्क्रीनशॉटमध्ये 412.386 असा आकडा होता. त्याच्या वर तारखेच्या जागी फक्त ‘काल’. स्क्रीनशॉट माझ्यापर्यंत येऊन पडून राहिलेला, त्यामुळे हा काल कुणाचा हे कळायला मार्ग नाही.

‘‘आई, हा फोटो कधीचा?’’

‘‘कालचा. लिहिलंय की त्यावर.’’

अशा वेळी माणसांना विचारू नये, फाइलला विचारावं. स्क्रीनशॉटचं नाव होतं `Screenshot_20251104-081732.png`. म्हणजे तो घेतला 4 नोव्हेंबरला सकाळी, आणि त्यातला ‘काल’ म्हणजे 3 नोव्हेंबर. अर्थात ही फोटो ग्रुपवर पाठवल्याची तारीख. फोटो त्याच दिवशी काढला होता का, हे मात्र आईलाच विचारावं लागतं. ‘‘भेंडी परतताना काढला,’’ ती म्हणाली. भेंडी सोमवारी होती, हे बाबांनी ताबडतोब प्रमाणित केलं.

दुसरा स्क्रीनशॉट 29 नोव्हेंबरचा, चिरंजीवांच्या हातचा. त्यांनी आकडा वाचूनही कळवला: चार लाख एकवीस हजार नऊशे चोपन्न. मग स्वतःच वजाबाकी केली, 9568 युनिट आली, दर पन्नास रुपये धरला आणि घोषणा केली, ‘‘गॅसचं बिल चार लाख अठ्ठ्याहत्तर हजार चारशे.’’ बाबांनी पाकिटाकडे पाहिलं.

मीटरवर डावीकडचे आकडे काळे असतात आणि उजवीकडचे तीन लाल. काळे म्हणजे पूर्ण युनिट, म्हणजे घनमीटर. लाल म्हणजे दशांशानंतरचे. मध्ये स्वल्पविरामाएवढा एक ठिपका असतो, आणि फ्लॅश मारला की नेमका तोच नाहीसा होतो. तेव्हा आकडा खरा 421.954.

शेवटच्या लाल चाकावर 4 निम्मा वर गेलेला आणि 5 खालून डोकावत होता. असं दिसलं की लहान आकडा घ्यायचा. बाबांना हे ‘घ्यायचं’ पटेना, कारण हिशेबात अंदाज नसतो. त्या चाकाचं एक घर म्हणजे एका युनिटचा हजारावा भाग, पैशात पाच पैसे. बाबांनी पाच पैशांवर पाऊण तास घेतला. काळ्या आकड्यात घोटाळा झाला असता तर मात्र काळजीचं होतं: चकाकीमुळे 1 चा 7 दिसला, तर 412 चे 472 होतात. पण मग दुसरं रीडिंग पहिल्यापेक्षा कमी भरतं, आणि गॅसचं मीटर उलटं फिरत नाही.

तर वजाबाकी: 421.954 वजा 412.386, म्हणजे 9.568 युनिट. दिवस 26. रोजचा खप 0.368. बिलाची मुदत 15 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर, म्हणजे 61 दिवस. गुणाकार करून साडेबावीसच्या आसपास. दर आपण सोयीसाठी पन्नास धरू, खरा मागच्या बिलावर छापलेला असतो आणि बदलत असतो. 1122 रुपये झाले. त्यावर महाराष्ट्रात व्हॅट 3 टक्के (एप्रिल 2022 पूर्वी साडेतेरा होता, बाबांना तोंडपाठ आहे), एकूण 1156. बिलात आणखी काही आकार असेल तर तो वेगळा.

बाबा पैसे मोजायला लागले तेवढ्यात आई म्हणाली, ‘‘आणि फराळ?’’

बरोबर होतं. माझे 26 दिवस सगळे नोव्हेंबरचे, म्हणजे भेंडीचे. बिलाची मुदत सुरू झाली ऑक्टोबरच्या मध्यावर, आणि लक्ष्मीपूजन होतं 21 ऑक्टोबरला. चकल्या, करंज्या, चिवडा, अनारसे हे सगळं पहिल्या स्क्रीनशॉटच्या आधी तळून मोकळं झालेलं. दोन फोटोंमधला खप खरा असला, तरी तो अख्ख्या मुदतीचा प्रतिनिधी नसतो. आणि बिल काही आपल्या फोटोपासून मोजायला लागत नाही, ते मागच्या बिलावरच्या शेवटच्या रीडिंगपासून मोजतं.

मागचं बिल शोधलं. 15 ऑक्टोबरचं रीडिंग 403. म्हणजे 3 नोव्हेंबरपर्यंतच्या 19 दिवसांत 9.386 युनिट, रोजची जवळजवळ अर्धं. आता हिशेब नव्याने: 403 पासून 421.954 पर्यंत 18.954 युनिट जळून झालेली, त्यात अंदाज नाहीच. उरले 16 दिवस, ते भेंडीच्या दराने, म्हणजे 5.89. बेरीज 24.84. अंदाज फक्त न आलेल्या दिवसांचा करायचा. आलेल्या दिवसांचा हिशेब मीटरने ठेवलेलाच असतो.

आमच्या बिलावर लाल आकडे नसतात. 403 मध्ये 24.84 मिळवले की 427.84, ते बिलावर 427 होणार. म्हणजे 24 युनिट, 1200 रुपये, व्हॅट 36, एकूण 1236. उरलेलं 0.84 पुढच्या बिलात जातं, ते कुणी खात नाही. हे बाबांना तीनदा सांगितलं.

‘‘सिलिंडर किती झाले हे?’’ आईला युनिट कळत नाहीत, म्हणजे तिला कळून घ्यायची नाहीत. उष्णतेच्या हिशेबाने 14.2 किलोचा एक सिलिंडर साधारण 17-18 युनिटांना. म्हणजे दीडच्या थोडं आत.

यात एकच खोट राहते. रीडिंगवाला आला आणि दाराला कुलूप असलं, तर बिल सरासरीने येतं आणि आपली दशांशांची मेहनत कागदावरच राहते. पुढच्या खऱ्या रीडिंगला फरक वळता होतो खरा, पण पाकिटाचा मेळ तोवर बसत नाही. म्हणून 15 डिसेंबरला घरी कोण थांबणार याची ड्यूटी बाबांनी लावून टाकली आहे.

मग राहवेना म्हणून मी फराळही काढला. त्या 19 दिवसांत भेंडीच्या दराने सात युनिट जायला हवी होती, गेली सव्वानऊच्या वर. जास्तीची 2.39, व्हॅटसकट 123 रुपये. 403 च्या पुढचे लाल आकडे माहीत नसल्याने यात एखादं युनिट कमी निघू शकतं, हेही सांगितलं.

आईने चष्मा वर केला. ‘‘एवढ्यात बाजारात पाव किलो चकली तरी येते का?’’

बाबांनी पाकिटावर 1236 लिहिलं, आणि वहीत एक नवा रकाना आखला: ‘अनारसे, वेगळे.’