पगाराची तारीख हलत असेल तर: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला. पगार झाला की पैसे आपोआप तीन खात्यांत, हे ऐकायला बरं वाटतं, पण ते मुंबई-पुण्याच्या आयटीवाल्यांसाठी. मी कराड तालुक्यात अनुदानित शाळेवर शिक्षक आहे. हातात ५२ हजार येतात, पण कधी २ तारखेला, कधी १२ तारखेला. गृहकर्जाचा १४,२०० चा हप्ता ५ तारखेला असतो. मागे दोनदा बाऊन्स झाला, दंड बसला. त्यात तुम्ही सांगता स्थायी सूचना लावा! शिवाय तीन खाती म्हणजे तीन ठिकाणी किमान शिल्लक. आणि सगळं वाटून टाकलं की अडीनडीला काय करायचं?"

नमस्कार सर,

तुमची अडचण खरी आहे आणि ती एकट्या तुमची नाही. शालार्थ या वेतन प्रणालीवर देयक भरायचं, मग वेतन पथक, मग कोषागार, आणि तरतूद आली नसेल तर थांबायचं, हा प्रवास साताऱ्यात राहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या घराला पाठ आहे. मार्चचा पगार एप्रिलमध्ये किती रेंगाळतो हेही मी शेजारीपाजारी बघतो. म्हणून नेहमीचं "पद्धत सगळ्यांना लागू पडते" असं उत्तर न देता तुमचेच आकडे घेऊन लिहितो. लेखातली तीन खाती म्हणजे बिल खातं, उद्दिष्टांसाठीच्या बचतीचं खातं आणि रोजच्या खर्चाचं खातं; पगार खात्यातून पैसे स्थायी सूचनेने त्यांत जातात.

आधी हप्ता का बाऊन्स झाला ते पाहू, कारण उपाय त्यातच आहे. कर्ज दुसऱ्या बँकेचं किंवा संस्थेचं असेल तर हप्ता स्थायी सूचनेने जात नाही. तुम्ही कर्ज घेताना सही केलेला मँडेट असतो आणि त्यावरून कर्ज देणारी संस्था तुमच्या खात्यातून पैसे ओढून घेते. ही यंत्रणा नॅचची. १ ऑगस्ट २०२१ पासून ती सुट्टीच्या दिवशीही चालते, त्यामुळे ५ तारीख रविवारी आली तरी सवलत मिळत नाही. वजावट बहुतेक वेळा सकाळीच होते. त्या वेळी शिल्लक नसेल तर तुमची बँक परतीचा दंड लावते आणि कर्ज देणारी संस्था वेगळा लावते.

स्थायी सूचना याच्या उलट आहे. ती तुम्ही तुमच्याच बँकेला दिलेली आज्ञा असते: अमुक तारखेला माझ्या या खात्यातून माझ्या त्या खात्यात इतके टाका. पैसे नसले तर ती त्या वेळी पुरी होत नाही, एवढंच. काही बँका त्यालाही थोडं शुल्क लावतात, काही पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा प्रयत्न करतात, काही करत नाहीत. शाखेत हा एक प्रश्न नक्की विचारा. पण त्यामुळे कर्ज थकत नाही आणि सिबिलवर डाग पडत नाही. म्हणजे ज्याने तुम्हाला दंड बसला तो मँडेट, आणि मी सांगतोय ती स्थायी सूचना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चुकली तर महाग पडते, दुसरी चुकली तर स्वस्तात निभावते. म्हणून हलणाऱ्या पगाराचा धक्का स्थायी सूचनेने सोसायचा आणि मँडेटपर्यंत तो पोहोचू द्यायचा नाही.

ते कसं? "पगाराचा दिवस" म्हणजे पगार जमा होतो तोच दिवस, असं धरू नका. पासबुक घ्या, गेल्या दीड वर्षातल्या पगाराच्या तारखा कागदावर लिहा आणि त्यातली सर्वांत उशिराची बघा. तुम्ही १२ म्हणता. त्यात तीन दिवस मिळवा. १५ तारीख हा तुमचा पगाराचा दिवस. पैसे २ तारखेला आले तरी १५ पर्यंत पगार खात्यातच पडू देत.

आता मांडणी. हप्ता सोडून बाकीचे आकडे मी तुमच्यासारख्या घराचे धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. गृहकर्ज १४,२००. लाइटबिल, गॅस, इंटरनेट, मोबाइल मिळून ४,०००. मुलांची स्कूल व्हॅन १,८००. हे झाले महिन्याचे २०,०००. शिवाय वर्षातून एकदाच येणारी, पण दरवर्षी येणारी बिलं: जूनमध्ये शाळेची फी २४,०००, नोव्हेंबरच्या शेवटी मेडिक्लेम १८,०००, मार्चअखेर घरपट्टी आणि गाडीचा विमा मिळून ६,०००. एकूण ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,०००. तेव्हा १५ तारखेला बिल खात्यात २४,००० जातील, उद्दिष्टांच्या खात्यात ८,००० आणि घरखर्चाला २०,००० उरतील.

१५ तारखेला बिल खात्यात गेलेले पैसे १६ पासून पुढच्या महिन्याच्या १५ पर्यंतची बिलं भागवतात. म्हणजे येत्या ५ तारखेचा हप्ता त्या महिन्याच्या पगारावर अवलंबूनच राहत नाही, तो आधीच्या पगारातून बाजूला पडलेला असतो. पगार २ ला आला काय आणि १२ ला आला काय, ५ तारखेला १४,२०० तिथे आहेतच. कर्जाची तारीख बदलून घ्यायची खटपटही वाचते. यासाठी सुरुवातीला एकदा किमान एका हप्त्याइतके, म्हणजे १४,२०० वेगळे हाताशी लागतात, कारण सुरुवात १५ तारखेला करायची. त्या महिन्याचा हप्ता तोवर नेहमीप्रमाणे पगार खात्यातून गेलेला असतो.

एक जागा मात्र निसरडी आहे. हप्त्याचा मँडेट पगार खात्यावरून बिल खात्यावर न्यावा लागतो आणि नवा मँडेट नोंदायला वेळ लागतो. नव्या खात्यातून पहिला हप्ता प्रत्यक्ष गेलेला उताऱ्यात दिसेपर्यंत जुन्या खात्यातही १४,२०० राहू द्या. मँडेट बदलण्याच्या महिन्यातच अनेकांचा हप्ता परत जातो, कारण माणूस समजतो की काम झालं आणि जुनं खातं रिकामं करतो.

पगार १५ पर्यंतही आला नाही तर? तेव्हा स्थायी सूचना पुरी होणार नाही आणि पुढच्या ५ तारखेची अडचण होईल. यासाठी बिल खात्यात एका महिन्याची उशी लागते: २४,०००. ती उद्दिष्टांच्या वाट्यातून भरा. पहिले तीन महिने ते ८,००० बिल खात्यातच टाका, उशी तयार. महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली तर आणखी लवकर. त्यानंतर एखाद्या महिन्याचा पगार पुरता चुकला तरी हप्ता जातो. आवर्ती ठेव, एसआयपी वगैरे त्याच्या पुढची गोष्ट. उशी नसताना एसआयपीचा मँडेट लावणं म्हणजे बाऊन्स होऊ शकणारी आणखी एक तारीख अंगावर घेणं, म्हणून मी ते कोणालाच सुचवत नाही.

वार्षिक बिलांचा हिशोब सहसा पहिल्या वर्षीच फसतो. महिन्याला ४,००० बरोबर आहेत, पण सुरुवात कोणत्या महिन्यात करता त्यावर बरंच ठरतं. समजा जानेवारीत सुरू केलं. मार्चच्या १५ ला १२,००० जमतात, त्यातले ६,००० घरपट्टी-विम्याला जातात. मग एप्रिल, मेचे मिळून जूनच्या सुरुवातीला हातात १४,०००, आणि फी २४,०००. दहा हजार कमी, आणि ते उशीतून निघणार, म्हणजे नेमकं पावसाळ्याच्या तोंडावर खातं उघडं पडणार. तेच जुलैत सुरू केलं तर नोव्हेंबरच्या १५ पर्यंत २०,००० होतात, मेडिक्लेमचे १८,००० जाऊन २,००० उरतात, मार्चअखेर १२,००० असतात आणि जूनच्या सुरुवातीला २०,०००. कमी पडतात फक्त ४,०००. म्हणून शक्य असेल तर फी भरून झाल्यावर जुलैत सुरू करा आणि त्या वेळी ४,००० जास्तीचे टाका. मध्येच सुरू करायचं असेल तर असाच महिन्यागणिक तक्ता मांडा. सगळ्यांत मोठी तूट ज्या महिन्यात दिसेल तेवढी रक्कम आधी घालावी लागते.

घरखर्चाचे २०,००० एकदम खर्च खात्यात टाकू नका. पगार खात्यातून दर सोमवारी ४,६०० जाऊ देत. वर्षाच्या ५२ आठवड्यांचे २,३९,२०० होतात, २,४०,००० च्या आत. फक्त काही महिन्यांत पाच सोमवार पडतात आणि २३,००० जातात, त्यासाठी पगार खात्यात सुरुवातीला किमान तीन हजार जास्त असू द्या. यूपीआय फक्त या खर्च खात्याला जोडा. बिल खातं यूपीआय ॲपमध्ये असेल तर काढा आणि त्याचं एटीएम कार्ड पाकिटात बाळगू नका. मंडईत घाईत पैसे देताना ॲपमध्ये चुकीचं खातं निवडलं जातं आणि पाच-सहाशे रुपये कमी पडून १४,२०० चा हप्ता परत जातो. पैसे असूनही बाऊन्स होण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

किमान शिल्लकीबद्दल. पगार खात्याला सहसा ती अट नसते. बिल खात्यात उशी आणि उद्दिष्टांच्या खात्यात बचत पडून असते, तिथे प्रश्न फारसा येत नाही. राहिलं खर्च खातं, ते वहिनींचं आधीपासून असलेलं खातं असू शकतं. दोघं मिळूनच घर चालवता, तेव्हा मला ते जास्त बरंही वाटतं. नवं उघडायचंच असेल तर अट नसलेली बँक बघा, स्टेट बँकेने तर मार्च २०२० मध्येच बचत खात्यांची ही अट काढली. बिल खातं शक्यतो पगाराच्याच बँकेत ठेवा. एकाच बँकेतल्या दोन खात्यांतली स्थायी सूचना सर्वांत साधी आणि सहसा बिनखर्चाची.

अडीनडीचं म्हणाल तर पैसे वाटले म्हणजे कुलपात गेले असं होत नाही. ही सगळी बचत खाती घरातलीच आहेत. रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर उद्दिष्टांच्या खात्यातले पैसे मोबाइलवरून त्याच क्षणी काढता येतात. फक्त पहिले चार-पाच महिने तिथली रक्कम मुदत ठेवीत गुंतवू नका. आणि एक कळकळीचं सांगणं: हे उद्दिष्टांचे पैसे जास्त व्याजासाठी एकाच पतसंस्थेत भरू नका. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, नागरी सहकारी बँकांनाही ते आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आपल्या भागात अशा ठेवी अडकल्यावर वयस्कर माणसांची काय अवस्था होते ते मी पाहिलं आहे.

आयटीवाल्यांचं मात्र पटत नाही, सर. आपल्याकडे दुकानदार संध्याकाळी गल्ला मोजण्याआधी पिग्मीवाल्याच्या हातात शंभर रुपये ठेवतो, आणि शिक्षक सोसायटीचा हप्ता तर तुमच्या पगारातून परस्पर कापला जातो. हातात येण्याआधी बाजूला पडणारा पैसा या मातीत नवा नाही.

त्यावरूनच एक विचारायचं आहे. ५२ हजार हे सोसायटीची कपात होऊन आलेले आहेत का, आणि सोसायटीचं कर्ज असेल तर ते कधी फिटतंय? लवकर फिटत असेल तर सुटणारी रक्कम पहिल्या महिन्यापासूनच उशीकडे वळवता येईल आणि उद्दिष्टांचे ८,००० तीन महिने थांबवावे लागणार नाहीत. आकडे कळवलेत तर तक्ता मी मांडून देतो.