निरोप असा धाडावा की अर्थ लागू नये

मुंबईत राहूनही ज्यांना पूर्ण वाक्यात, देवनागरीत मराठी निरोप धाडण्याची खोड आहे, त्यांच्या हितासाठी हे चार शब्द लिहीत आहे. पूर्ण वाक्याचा मोठा दोष असा की त्याचा एकच अर्थ निघतो आणि तो पुढे कायमचा लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडतो. ‘शनिवारी सकाळी सात वाजता येतो’ असे एकदा लिहिले की शनिवारी सकाळी सात वाजता जावेच लागते. रोमन अक्षरांत लिहिलेली, इंग्रजीचे तुकडे पेरलेली आणि प्रत्येक शब्द निम्म्यावर तोडलेली मराठी मात्र आपल्याला कशातच अडकवत नाही. तरीही नुसती अक्षरे गाळली म्हणजे ही विद्या साधली असे समजू नये. कोणते अक्षर गाळल्याने किती अर्थ मोकळे होतात, याचा थोडा अभ्यास असावा लागतो.

आरंभ सोप्या शब्दांपासून करावा. रोमन लिपीत ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल यांच्यासाठी वेगळी अक्षरे नाहीत, आणि अ व आ यांतला फरक दाखवण्याचा कंटाळा आपण केला की तोही नाहीसा होतो. त्यामुळे बाजारात गेलेल्या यजमानांना `dal an` एवढेच लिहून पाठवले, तर ते वाण्याकडून डाळ आणतील, की गिरणीतून दळण घेऊन येतील, हे त्यांच्या नशिबावर सोडता येते. `kadhit tak tak` या निरोपाने फारसे नुकसान होत नाही, कारण पहिल्या `tak`ला ताक म्हटले काय आणि दुसऱ्याला म्हटले काय, कढी व्हायची ती होतेच. म्हणून हे वाक्य नवशिक्यांनी सरावासाठी घ्यावे. काही जुन्या संगणकी मंडळींनी यावर आयट्रान्ससारखे संकेत काढले होते, ज्यांत `T` म्हणजे ट, `t` म्हणजे त आणि `N` म्हणजे ण. सुदैवाने आजचे फोन वाक्याचे पहिले अक्षर आपणहून मोठे करतात, त्यामुळे ताकाचे टाक होण्यास कोणाचाही हात लागत नाही आणि या संकेतांची भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही.

मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत, हे आपल्या बचावासाठी लक्षात ठेवावे. मात्र मोडीत ट आणि त वेगळे होते, हे समोरच्याला सांगू नये.

हात बसला की व्यवहाराकडे वळावे, कारण खरा लाभ तेथे आहे. `h` हे अक्षर ‘थांब’ मधल्या थलाही चालते आणि ‘ठाणे’ मधल्या ठलाही. शिवाय घाईत ते गळले तर कोणी हरकत घेत नाही. डिपॉझिट किती, असे भाडेकरूने विचारले असता `sath hajar` लिहावे की `sat hajar`, याचा निर्णय प्रसंग पाहून घ्यावा. साठ आणि सात यांच्यात येथे फक्त एका `h`चे अंतर आहे, आणि त्या `h`ची किंमत 53,000 रुपये आहे. भाडेकरू सात घेऊन आला तर `h` राहून गेला असे म्हणता येते, आणि साठ घेऊन आला तर काही म्हणावे लागत नाही. आकड्यांत लिहिण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळावा.

यापुढची पायरी म्हणजे इंग्रजी शब्द आखूड करून मराठीत मिसळणे. इंग्रजी वारांची पहिली तीन अक्षरे या कामी फार उपयोगी पडतात, कारण त्यांतली काही जशीच्या तशी मराठी शब्दांवर जाऊन बसतात. याचा परिपूर्ण नमुना म्हणून डोंबिवलीच्या एका पुतण्याने गिरगावातल्या आपल्या काकांना गुरुवारी सकाळी धाडलेला निरोप खाली देतो. त्यात विराम नाही, स्वल्पविराम नाही आणि एकही अक्षर वाया गेलेले नाही.

`kaka sat la dadarla ya aai yet n pan an bhaji nko sun la puja`

आता हा निरोप शब्दाशब्दाने पाहावा. `sat la` म्हणजे सातला, किंवा शनिवारी. `an` म्हणजे ‘आणा’चे अर्धे, किंवा ‘अन्’; म्हणून पाने आणा आणि भाजी नको, किंवा पाने अन् भाजी दोन्ही नकोत. `bhaji` म्हणजे भाजी किंवा भजी, हे वेगळे सांगायला नको. `sun la` म्हणजे रविवारी, किंवा सुनेला. यांत `yet n` चे दोन अर्थ मिळवले म्हणजे दोन-दोन अर्थांच्या पाच जागा होतात, आणि एकाच ओळीत बत्तीस निरोप बसतात. पूर्ण वाक्ये लिहिणाऱ्या माणसाला बत्तीस निरोप लिहायला सकाळ पुरली नसती.

यातल्या `yet n` विषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण सारी कला तेथे एकवटलेली आहे. मराठीत होकार-नकाराचा उलगडा बहुधा वाक्याच्या शेवटी होतो. ‘आई येते’ या वाक्यात होकार आहे हे ‘ते’वरची शेवटची मात्रा सांगते. नकार द्यायचा झाला की ती मात्रा गळते, क्रियापद ‘येत’ एवढेच उरते आणि पुढे ‘नाही’ लागते. म्हणजे भाषेने स्वतःच नकारासाठी क्रियापदाचे शेपूट कापून ठेवले आहे. आता आपण होकारातलेही शेपूट कापले की ‘येते’चे `yet` होते आणि ते नकारातल्या ‘येत’शी तंतोतंत जुळते. उरला प्रश्न पुढच्या शब्दाचा. तो नुसता `n` लिहिला की ‘ना’ही होतो आणि ‘नाही’ही. अशा रीतीने ‘आई येते ना’ आणि ‘आई येत नाही’ ही परस्परविरुद्ध वाक्ये, एकाही अक्षराचा फरक न राहता, एकरूप होतात. हीच युक्ती `karnar n`, `jaycha n`, `milnar n` अशी कुठेही चालते. शब्दाचा आरंभ तोडणारे कच्चे. तोडायचे ते शेवटी, कारण मराठीत लिंग, वचन, काळ आणि नकार हे सारे शेवटी राहायला असतात. `krt` लिहिले की करतो, करते, करतात आणि करत नाही हे चौघेही एका खोलीत राहतात, आणि मुंबईत जागेची टंचाई असताना ही सोय काही थोडी नव्हे.

काकांचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे कारण नाही, पण सांगतो. ते त्याच गुरुवारी संध्याकाळी सातला दादरच्या फुलबाजाराशी जाऊन उभे राहिले. वहिनी येणार असे त्यांनी वाचले होते, म्हणून पश्चिमेच्या पुलाखाली, फेरीवाल्यांच्या टोपल्या आणि घरी परतणारी गर्दी यांच्या मध्ये, दर लोकलमागून उतरणाऱ्या बायकांकडे ते निरखून पाहत होते, जे त्यांच्या वयाला शोभण्यासारखे नव्हते. विड्याची पाने त्यांनी घेतली नव्हती, कारण पाने अन् भाजी नको अशी त्यांना स्पष्ट सूचना होती. पूजा सुनेला सांगितली आहे असे समजून त्यांनी तिला कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला लावली होती. पावणेआठला त्यांनी विचारणा केली, तेव्हा पुतण्याचे उत्तर आले:

`mi tr sat mhntlo`

या उत्तराला मी पैकीच्या पैकी गुण देतो. ते मूळ निरोपाइतकेच संदिग्ध आहे, शिवाय शंभर टक्के खरे आहे. पुतण्या `sat` म्हटला होता, याबद्दल कोणाचे दुमत असू शकत नाही.

काही जुन्या वळणाचे वाचक विचारतील की एवढी काटकसर कशासाठी. त्यांना इतिहास सांगावा. मोबाइलवरच्या एका लघुसंदेशात साधी रोमन अक्षरे 160 मावत असत आणि देवनागरी लिहिली की फक्त 70. मजकूर त्यापुढे गेला की दुसऱ्या संदेशाचे पैसे पडत. तेव्हा रोमनचा आश्रय घेणे आणि शब्द छाटणे हा खिशाचा प्रश्न होता. आता निरोप इंटरनेटवरून जातात, त्यांना अक्षरांमागे पैसे पडत नाहीत, आणि एवढ्यातेवढ्या निरोपाला लांबीची अडचणही येत नाही. परंतु ज्या कारणासाठी प्रथा सुरू झाली ते कारण संपले म्हणून प्रथा सोडणे आपल्या परंपरेत बसत नाही. या वादात एक सावधगिरी मात्र बाळगावी. समोरच्याला अक्षरे मोजू देऊ नयेत. फोनच्या देवनागरी कळफलकावर ‘नाही’ लिहायला न, काना, ह आणि दुसरी वेलांटी अशा चार कळा लागतात आणि `nahi` लाही चारच. ‘करणार’ला पाच लागतात आणि `karnar` ला सहा. हे उघड झाले तर वेळ वाचवण्यासाठी रोमन लिहितो, हे आपले नेहमीचे कारण पांगळे होईल. अशा वेळी कळफलक बदलायला वेळ लागतो असे म्हणावे आणि विषय बदलावा.

सर्वात शेवटी एक प्रगत पाठ देतो, तो केवळ उधारी थकलेल्यांसाठी आहे आणि तो मुंबईतच पूर्ण फळ देतो. मराठीत काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. हिंदीतला कल होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही असतो. तो कोणता, हे तिथले क्रियापद ठरवते. या शहरात मराठी माणसाच्या वाक्यात हिंदी कधी शिरेल याचा नेम नसल्यामुळे `kal` वाचणाऱ्याने कोणती भाषा धरावी, हे कोणी सांगू शकत नाही. राहता राहिले क्रियापद, म्हणून तेही कापावे. ‘दिले’ आणि ‘देईन’ऐवजी बोलण्यात येणारे ‘देईल’, या दोन्ही शब्दांतले स्वर काढून टाकले की `dl` एवढेच हाती लागते. मग सावकाराला असे लिहावे:

`kal paise dl`

काल पैसे दिले, असे वाचून तो बँकेचे खाते तपासत बसेल, किंवा उद्या पैसे देईल, असे वाचून उद्यापर्यंत थांबेल; दोन्हींत आपला एक दिवस सुटतो. निरोप उद्या पुन्हा तसाच धाडला तरी तो शिळा होत नाही. फारच चिकट माणूस असेल तर तो शुद्ध देवनागरीत, प्रश्नचिन्हासह, ‘काल दिलेस की उद्या देणार आहेस?’ असे विचारील. अशा प्रश्नाने आपण गडबडून जाऊन खुलासा करू नये. थोडा वेळ जाऊ द्यावा, आणि मग फक्त `ho` लिहून पाठवावे.