मल्चिंग पेपरवरचा 4 नंबर आणि भंगारवाल्याचा नकार

मल्चिंग पेपर म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरायचं पातळ प्लास्टिक. त्याच्या बंडलावर त्रिकोण असतो आणि त्रिकोणात 4 आकडा असतो. दुकानदार त्याच्यावर बोट ठेवून सांगतो, "भाऊ, हा रिसायकल होतो, काळजी करू नका." यंदाही कृषी प्रदर्शनात हेच ऐकलं. शिरपूर-चोपडा पट्ट्यात टरबूज घेणारा प्रत्येक जण हे ऐकूनच बंडलं घरी आणतो. मग मे महिन्यात बांधावर पेपरचे ढीग दिसतात, काही जळतात, काही वाऱ्याने बाभळीला लटकतात. शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी तो आकडा काय सांगतो ते बघू. 1988 साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने हे 1 ते 7 आकडे सुरू केले. माल कोणत्या प्लास्टिकचा आहे हे भंगार निवडणाऱ्याला कळावं, एवढाच त्यामागचा हेतू होता. 1 म्हणजे पेट, 2 एचडी, 3 पीव्हीसी, 4 एलडी, 5 पीपी, 6 पॉलिस्टायरिन आणि 7 म्हणजे बाकी सगळं. आकड्याभोवती फिरणारे बाण काढले होते, त्यामुळे लोकांनी त्याचा अर्थ 'हे परत वापरात येतं' असा घेतला. हा घोळ इतका वाढला की 2013 मध्ये तिथल्या मानक संस्थेने बाण काढून साधा भरीव त्रिकोण केला. आपल्याकडे मात्र कितीतरी मालावर अजून जुने बाणच छापलेले दिसतात.

आता 4 नंबरच्या तीन वस्तू डोळ्यासमोर आणा: दुधाची पिशवी, ठिबकची नळी आणि मल्चिंग पेपर. तिन्ही एलडी किंवा त्याच्याच भाऊबंदातल्या एलएलडी पॉलिथिनच्या. तिन्ही पाण्यावर तरंगतात आणि साधारण 110 ते 125 अंशांना वितळतात. आकड्याच्या हिशेबाने तिन्ही एकच आहेत. आमच्या भागातला भंगारवाला जुनी नळी हसत घेतो, दुधाच्या पिशव्या धुतलेल्या असतील तर घेतो आणि मल्चिंग दिसलं की ट्रॉलीजवळही येत नाही. मी त्याला एकदा खोदून विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, मी पलास्टिक लेस, माटी लेत नही." त्याच्या या एका वाक्याचा हिशेब मी मांडून पाहिला.

एलडीची घनता साधारण 0.92. म्हणजे 25 मायक्रॉनच्या पेपरचं वजन एका चौरस मीटरला 23 ग्रॅम. उलट बाजूने मोजा: एक किलो पेपर पसरला तर 43 चौरस मीटर जागा व्यापतो, आणि दोन्ही बाजू धरल्या तर धुवायचा पृष्ठभाग 87 चौरस मीटर होतो. ठिबकच्या नळीची भिंत साधारण एक मिलिमीटरची असते. तिच्या एका किलोला आतून-बाहेरून मिळून दोनेक चौरस मीटरच धुवावे लागतात. एक किलो दाणा, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेला कच्चा माल, मिळवायचा तर नळीच्या चाळीसपट पृष्ठभागावरची माती काढायची! दुधाची पिशवी 50 मायक्रॉनपेक्षा जाड असते, तिला मातीचा स्पर्श नसतो, आतून विसळली की काम झालं.

त्यात आपली माती तापीकाठची काळी. ओली असताना ती फावड्याला सोडत नाही, तर पेपरला कशी सोडेल? पेपरच्या दोन्ही कडा वाफ्याच्या बाजूने मातीत दाबलेल्या असतात. मधला भाग वर उघडा राहतो आणि उन्हाने ठिसूळ होतो. कडा उन्हापासून वाचलेल्या, त्यामुळे मजबूत असतात, पण मातीने लडबडलेल्या. म्हणजे जो भाग चांगला तो घाण आणि जो त्यातल्या त्यात स्वच्छ तो हातात तुकडे होऊन येतो. मी कडेची वितभर पट्टी बादलीत धुऊन पाहिली. पहिलं पाणी काळं झालं, दुसरंही काळं झालं, आणि पट्टी उलगडली तर दुमडलेल्या घडीत चिकणमातीचा थर जसाच्या तसा होता. मशीनमध्ये कापून धुतली तरी घडीतली माती तशीच पुढे जाणार.

एका एकराचं गणित करा. दोन गादीवाफ्यांत सहा फुटांचं अंतर असेल तर एकरात सव्वादोन हजार मीटरच्या आसपास बेड होतात. चार फुटी पेपरची 400 मीटरची बंडलं साडेपाच लागतात, प्रत्येकाचं वजन 11 किलो. म्हणजे एकरभरात 60 किलो प्लास्टिक गेलं. आमच्या भावकीतल्या एकाने टरबूज संपल्यावर एका एकराचा पेपर काढून काट्यावर नेला, तो भरला 140 किलो. त्यात निम्म्याहून जास्त माती, वेल आणि ओल होती, कारण सगळा पेपर वर आलेला नव्हता, तुकडे रानातच राहिले होते. काढायची मजुरी वेगळी, ट्रॉलीचं भाडं वेगळं. घेणारा दर लावणार तो 60 किलोचाही नाही, कारण धुताना बारीक तुकडे पाण्याबरोबर वाहून जातात.

कारखान्यात काय होतं तेही बघण्यासारखं आहे. आधी माल कापतात, धुतात, पिळून वाळवतात. पातळ फिल्म पाणी धरून ठेवते, त्यामुळे वाळवायला वीज जास्त लागते. मग ॲग्लो मशीनमध्ये घोटून तिच्या गाठी करतात आणि त्या एक्स्ट्रुडरमध्ये वितळवतात. तिथे तोंडाशी तारेची बारीक जाळी असते. माती राहिली असेल तर ती जाळी तुंबते, दाब वाढतो, मशीन थांबवून जाळी बदलावी लागते. रेती असेल तर स्क्रू आणि बॅरल झिजतात. ओल राहिली असेल तर दाण्यात फुगे येतात. एवढं करून दाणा निघतो तो काळाच, कारण वरची बाजू चंदेरी असली तरी खालच्या थरात कार्बन ब्लॅक असतो. त्याचं घमेलं होईल, कमी प्रतीची काळी नळी होईल, पण पुन्हा 25 मायक्रॉनचा पेपर ओढता येणार नाही. एवढी पातळ फिल्म ओढताना मातीचा एक कणही तिला भोक पाडतो. शिवाय उन्हाने प्लास्टिकच्या साखळ्या तुटलेल्या असतात, त्याची ताकदच कमी झालेली असते.

नंदुरबारकडच्या मिरचीत ही अडचण आणखी वाढते. टरबूज तीन महिन्यांत आटोपतं. मिरचीवर पेपर सात-आठ महिने राहतो, पावसाळा, हिवाळा, फवारण्या सगळं अंगावर घेतो. बंडलावरचा आकडा दोन्हीकडे 4 असतो, पण पीक संपताना एक पेपर निदान उचलता येतो आणि दुसरा हाताला लागला की फाटतो.

माती हे एकच कारण असतं तर गोष्ट सोपी होती. जळगावच्या चटईचंच घ्या. तिथले कारखाने जुन्या प्लास्टिकचा दाणा वापरतात, चटईसाठी पीपी म्हणजे 5 नंबर चालतो. म्हणून 5 नंबरचं काहीही त्यांच्या दारात नेलं तर घेतील असं नाही. वितळल्यावर माल किती वेगाने वाहतो याचा एक वेगळा मापदंड असतो. आइस्क्रीमचा पातळ कप साच्यात भरावा म्हणून त्याचा पीपी पाण्यासारखा वाहणारा घेतात, पोत्याचा पीपी दाटसर असतो. चटईची काडी ओढायची तर वितळलेला माल ताण सहन करणारा हवा, कपाचा माल जास्त झाला की काडी तुटते. वेफर्सच्या पाकिटातही बहुतेक पीपीच असतं, पण त्याला धातूचा मुलामा, शाई आणि दुसरे थर चिकटलेले असतात. त्रिकोणातला 5 यातलं काहीच सांगत नाही, आणि हे सांगण्यासाठी तो बनवलेलाही नाही.

म्हणूनच आकडा दाखवून माल विकणाऱ्याचा मला राग येतो. मल्चिंगचा फायदा मी नाकारत नाही. पाणी वाचतं, निंदणीचा खर्च वाचतो, फळ मातीला टेकत नाही. प्रश्न पीक संपल्यावरचा आहे. दुधाच्या पिशवीची, वेफर्सच्या पाकिटाची जबाबदारी 2022 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी उत्पादकावर टाकली आहे, ठरलेला वाटा गोळा करून मार्गी लावल्याचं त्याला दाखवावं लागतं. पण त्या सूचना पॅकेजिंगसाठी आहेत. मल्चिंग हे पॅकेजिंग नाही, ते शेतीचं साहित्य आहे. त्यामुळे बंडल विकलं की विकणारा मोकळा आणि 60 किलो प्लास्टिक शेतकऱ्याच्या गळ्यात. सरकार फलोत्पादन अभियानातून मल्चिंगला 50 टक्के अनुदान देतं. पेपर घालताना फोटो मागतात, पेपर काढल्याचा कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. अनुदानाचा एक हिस्सा मागे ठेवा आणि काढलेला, झटकलेला, कोरडा पेपर तालुक्याच्या ठिकाणी जमा केला की तो द्या. एकरी 60 किलो गेलेलं सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा काट्यावर किती यायला हवं हे ठरवणं अवघड नाही. माती जास्त भरली तर वजन 60 च्या वर जाईल, तेव्हा 60 किलोच्या वर काही मोजायचं नाही असा नियम करा, म्हणजे माती आणायचा मोह राहणार नाही. आणि विकणाऱ्याने 'रिसायकल होतो' असं म्हणायचं असेल तर बिलावर परत घेणाऱ्या गोदामाचा पत्ता लिहावा. पत्ता नसेल तर तसं म्हणू नये.

ज्यांचं टरबूज आता संपत आलंय त्यांना एवढंच सांगेन: शेवटचा तोडा झाला की पाणी बंद करा, वेल कापून बाजूला करा आणि माती वरून कोरडी झाली की लगेच पेपर काढा. रान कडक झालं तर कडा मातीतच तुटतात, आणि पहिला पाऊस पडला की सगळा चिखल पेपरला लागतो, म्हणून मधले आठ-दहा दिवसच हाताशी असतात. आधी दोन्ही कडा कुदळीने मोकळ्या करा, मग एका टोकाकडून गुंडाळत जा, ओढत नेऊ नका. रोटाव्हेटर तर अजिबात घालू नका, तुकडे झाले की ते कायमचे रानातच राहतात. ठिबकच्या नळ्या आणि पेपर एका ढिगात टाकू नका, नाहीतर नळीचाही भाव जातो. आणि पुढच्या हंगामाला बंडल घेण्याआधी भंगारवाल्याला पेपर घेणार का आणि काय दराने, हे विचारून या.