पाच किलोचं पाकीट खरंच स्वस्त पडते का?

प्रतिक्रिया: "ताई, एकट्या माणसाला एक-एक किलो कणीक घ्यायला सांगता, पण पाच किलोचं पाकीट किलोमागे सरळ स्वस्त पडते. पगार पुरत नाही तिथं असे सल्ले कशाला देता?"

दादा, किलोमागचा भाव तुम्ही बरोबर पकडला, पण मी हिशोब खाल्लेल्या किलोवर लावते. समजा पाच किलोचं पाकीट २२० ला आणि सुटं एक किलो ५० ला. पाचातली एक किलो फेकावी लागली की उरलेली चार किलो ५५ च्या भावाने पडली, म्हणजे सुट्यापेक्षा महागच.

आणि एक किलो फेकावी लागतेच, कारण आमच्या दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी खोली करून राहणारा माणूस दिवसाला चार पोळ्या खातो, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम कणीक, त्यात शनिवार-रविवार घरी गावाला, तर आठवड्याला अर्धा-पाऊण किलोच संपते, म्हणजे पाच किलोला दोन महिने सहज लागतात. जून-जुलैत पाकीट फोडलं आणि तोंड रबर लावून ठेवलं की ओल शिरते, कणकीत जाळी धरते. चमच्याने उचलताना कणीक धाग्याने लोंबकळली की समजायचं अळी झाली, मग चाळून काही उपयोग नाही. उन्हाळ्यात किडा नसला तरी गव्हाच्या अंकुरातलं तेल दळल्यावर उघडं पडते आणि गरमीत खवट होते, पोळी कडवट लागते, वास आधी येतो.

तुम्हाला स्वस्तच पाहिजे ना, मग पाच किलो गहूच घ्या! अख्खा दाणा टिकतो, कणीक टिकत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस वाळवा, पण गरम गहू डब्यात भरू नका, रात्रभर पसरून थंड होऊ द्या, नाहीतर आत घाम धरते. डबा काठोकाठ भरेल एवढाच घ्या, रिकाम्या जागेत हवा राहते. दर पंधरा दिवसांनी चक्कीवर किलो-दीड किलो दळून आणा. काही चक्कीवाले इतकं कमी दळत नाहीत, तेव्हा शेजारच्या खोलीवाल्यासोबत मिळून दळण टाका, माझ्या बाजूच्या खोलीतल्या दोन मास्तरीणबाई असंच करतात.

मोठं पाकीट मी कुठंच घेऊ नका म्हटलं नाही. साखर, मीठ पाहिजे तेवढं घ्या, झाकण पक्कं असलं म्हणजे झालं. घरची तुरीची डाळ येत असेल तर चार-पाच किलो ठेवली तरी चालते, फक्त किलोला चमचाभर एरंडीचं तेल हाताला लावून डाळीला नीट चोळा, भुंगे लागत नाहीत, आणि शिजवताना दोन पाण्यानं धुतली की तेल निघून जाते. रवा-बेसन मात्र पावसाळ्यात पाव किलोच आणा, आणि रवा आणल्याबरोबर कोरडाच भाजून ठेवा.