तांबं महागलं, मग जळकं तांबं कुणाचं?

आज सकाळी दुकान उघडायच्या आत तारेच्या व्यापाऱ्याचा मेसेज. "सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की आजपासून नवीन दर लागू. जुन्या दराने बुकिंग ग्राह्य धरले जाणार नाही. सहकार्य करावे." बस. मी परवा पोली वायरची, म्हणजे प्लास्टिक गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेची, ऑर्डर फोनवर पक्की केलेली, भाव बोलून झालेला. फोन केला तर म्हणे, "भाऊ, वरूनच वाढलं." अरे भो, वरून म्हणजे कुठून? इतकी वर्षं तुझ्याकडून माल घेतो, उधारी कधी ठेवली नाही, आणि मला कारण म्हणून हे दोन शब्द? मान्य, त्याचाही माल रोजच्या भावाने येतो, तो काही गोदाम भरून बसलेला नाही. तरी परवा बोललेला भाव परवाचाच.

भाव वाढण्याबद्दल माझं भांडणच नाही. मी स्वतः वाढवलेत. चोपड्यात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो, तांब्याचं काय झालंय ते मला कुणी शिकवायला नको. राग आहे तो सांगायच्या पद्धतीचा. जुन्या गिऱ्हाइकाला भाववाढ कशी सांगायची, हे आमच्या धंद्यात कुणी शिकत नाही आणि शिकवतही नाही.

आमच्या आप्पांचं सांगतो. केळीवाले, वडलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. होळीच्या आधी स्टार्टरची रिले बदलायला आले होते. मोटार धडधाकट चालू, कसली घाई नाही. मी चहा सांगितला आणि म्हटलं, "आप्पा, आखाजीपासून मजुरी वाढवतोय. आणि तार आता ज्या दिवशी मोटार आणाल त्या दिवसाच्या भावाने." आप्पांनी कप खाली ठेवला. "इतला पैसा कसाना रे भाऊ?" म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून उठले. जाताना "दुसरीकडे जासू" हेही ऐकवलं.

घरी बायको म्हणाली, कशाला सांगायचं होतं आत्ता? मोटार जळली असती तेव्हा बिलात लावलं असतं, त्यांनी दिलंही असतं. हेच तर! दिलंच असतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव जिल्ह्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, केळीला एक पाणी चुकलं तरी पानं करपतात, घड बारीक पडतो. अशात विहिरीवर चेनपुली लावून, मजूर बोलावून, सगळे पाइप खोलून माणूस मोटार दुकानात आणतो. तो काय घासाघीस करणार? तुम्ही म्हणाल तो आकडा देतो. पण ते देणं मनापासूनचं नसतं, नाइलाजाचं असतं, आणि शेतकरी ते विसरत नाही. पुढच्या वेळी मोटार दुसऱ्याच्या दुकानात दिसते आणि आपण म्हणत बसतो, लोकांना किंमत नाही.

म्हणून माझा ठराव असा: मजुरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलायची, सांगायचं होळीला. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला बदलतं, त्यामुळे या दिवशी पैशाची नवी बोली व्हायची शेतकऱ्याला सवय आहे, त्यात काही टोचत नाही. ज्याला आधी सांगणं राहिलं त्याची त्या हंगामातली पहिली मोटार जुन्या मजुरीने. आणि ज्याची मोटार भाव वाढायच्या आधी दुकानात येऊन पडली आहे, तिला तो नवा भाव लावायचा नाही, मग तार मला आज कितीलाही पडो.

आता कारण सांगण्याबद्दल. लोक डिझेल, लाइट बिल, पोरांच्या फिया, दुकानाचं भाडं सगळं एकत्र कालवून सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, याच्या पोराची फी मी का भरू? बरोबरच आहे त्याचं. मी एकच कारण सांगतो, तांबं. तांब्याचा भाव लंडनच्या बाजारात डॉलरमध्ये ठरतो. २०१८ मध्ये तुतिकोरिनचा मोठा तांबं कारखाना बंद झाला, तेव्हापासून शुद्ध तांब्यासाठी आपण बाहेरच्या देशांकडे बघतो. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग खाणीत चिखल शिरला, जगातल्या सगळ्यात मोठ्या तांबं खाणींपैकी ती एक, आणि भाव अजून वर गेला. एवढं सांगितलं की चोपड्याचा शेतकरी मान डोलावतो. त्याचा केळीचा भावसुद्धा तो स्वतः कुठे ठरवतो? त्याला हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

पण खरी गोम पुढे आहे, आणि ही पोस्ट वाचून आमच्या धंद्यातले काही जण मला शिव्या घालणार. घाला.

मोटार भरायला, म्हणजे नवीन तार घालायला घेतली की जळकी तार बाहेर निघते. ती कुणाची? बहुतेक दुकानांत ती गुपचूप दुकानदाराची होते, गिऱ्हाईक विचारत नाही. तांबं स्वस्त होतं तेव्हा चाललं. आज नवीन तार महागली म्हणून बिल वाढवता, तर जुनं तांबंही महागलंच ना? ते कुणाच्या खिशात चाललंय?

गोल आकडे घेऊन हिशेब मांडतो. साडेसात एचपीची पाणबुडी मोटार धरा, तार पाच किलो. मोटारीप्रमाणे कमी-जास्त होतं, पण समजायला बरं. आधी तार हजार रुपये किलो, म्हणजे पाच हजार. मजुरी, बुश, सील धरून दोन हजार. बिल सात हजार. आता तार चौदाशे, म्हणजे सात हजार, मजुरी आणि सामान तेवीसशे. बिल नऊ हजार तीनशे. गिऱ्हाइकाला दिसतं काय? तेवीसशे रुपये वाढले. तो भडकणारच.

आता जुनी तार काट्यावर घ्या. वरचं प्लास्टिक जाऊन चार किलो तांबं निघालं. आधी भंगारात सातशे मिळायचे, म्हणजे अठ्ठावीसशे. आता हजार मिळतात, म्हणजे चार हजार. ही रक्कम बिलातून वजा करा. आधी शेतकऱ्याच्या खिशातून जायला हवे होते बेचाळीसशे, आता त्रेपन्नशे. खरी वाढ अकराशेची. वरचे बाराशे म्हणजे जळक्या तारेच्या वाढलेल्या भावाचे पैसे. ते न सांगता ठेवून घेता आणि वर तोंड करून म्हणता, "तांबं महागलं हो." कसलं तोंड आहे हे!

ज्यांना जुनी तार ठेवूनच धंदा करायचा आहे त्यांनी ठेवावी, मजुरी तेवढी कमी लावावी आणि तसं बोलून दाखवावं. त्यालाही माझी ना नाही. पण वजन गिऱ्हाइकासमोर झालं पाहिजे.

आणि काही दुकानदार याहून वाईट. हे भाव वाढवतच नाहीत. "आपल्याकडे जुनाच रेट" म्हणून पाटी लावतात आणि एक गेज बारीक तार घालतात, नाहीतर वेढे कमी करतात. बारीक तारेची मोटार तापते. वेढे कमी केले तर मोटार जास्त अँपियर ओढते, क्लॅम्प मीटर लावला की लगेच दिसतं. पण शेतात क्लॅम्प मीटर कुणाकडे असतो? एखादा उन्हाळा निघतो. मग कमी व्होल्टेजच्या एका रात्री मोटार जाते आणि दोष लाइटवाल्यांना. मी तरी सांगेन, मोटार उघडल्यावर निघालेल्या जुन्या तारेचं गेज आणि वेढे कागदावर लिहून घ्या, नवीन भरताना तेच मागा.

आप्पांकडे परत येतो. चैत्रात त्यांची मोटार जळालीच. मला वाटलं होतं येणार नाहीत. आले, पण पिशवीत स्वतः तार घेऊन! जळगावला जाऊन भाव काढून, वजन करून, बिलासकट आणलेली. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तू किलोमागं वीस रुपये जास्त लावतोस." मी म्हटलं, हो, लावतो. माल आणायचा, पैसा अडकवायचा, त्याचे वीस रुपये मी घेतो, लपवत नाही. ते हसले नाहीत, मीही नाही. तार काट्यावर टाकली, बरोबर भरली, गेज बरोबर होतं. मोटार भरून दिली, फक्त मजुरी आणि सामानाचे पैसे घेतले, जळकी तार त्यांच्याच पिशवीत घातली.

त्या दिवशी खरं सांगायचं तर मला अपमान वाटला होता. वडलांच्या काळापासूनचा माणूस माझा भाव तपासायला जळगावपर्यंत जातो म्हणजे काय? दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. आता लिहिता लिहिता वाटतंय, तपासलं आणि तरी माझ्याच दुकानात आले. दुसरीकडे जाण्यापेक्षा जळगावची खेप जड होती, ती त्यांनी केली. यात रागावण्यासारखं काय होतं? (वीस रुपयांचं त्यांनी गावात सगळ्यांना सांगितलं, ते मात्र अजून टोचतं.)

तेव्हापासून फळ्यावर खडूने दोन भाव लिहितो, नवीन तार आणि जळकी तार, दोन्ही त्या दिवसाचे. भाव उतरला तर उतरलेलाच लिहितो. वाढताना रोजचा भाव आणि उतरताना "जुना स्टॉक आहे" असला दुतोंडीपणा मला जमत नाही. मजुरी मात्र आखाजी ते आखाजी एकच.

काही जण म्हणतील, प्रत्येकाला चहा पाजून कुठे सांगत बसणार? नाही जमत सगळ्यांना, खरंय. जुन्या माणसांना तोंडाने किंवा फोनवर सांगतो, बाकीच्यांना मेसेज. तो असा पाठवला होता, हवा तर उचला:

"राम राम. आखाजीपासून साडेसात एचपी मोटार भरायची मजुरी, बुश-सीलसह, २००० ऐवजी २३०० रुपये. तार मोटार आणाल त्या दिवसाच्या भावाने, भाव फळ्यावर लिहिलेला असेल. जुनी तार तुमच्यासमोर मोजून बिलातून वजा करू, नाहीतर सोबत न्या. स्वतःची तार आणलीत तरी चालेल, गेज आधी विचारून घ्या. आज दुकानात असलेल्या मोटारींना हे दर लागू नाहीत."

यात "दिलगीर आहोत" नाही, मुद्दाम नाही. लंडनचा भाव मी वाढवला नाही, त्याची माफी मी का मागू? उगाच माफी मागितली की समोरच्याला वाटतं याचं काहीतरी लपलंय. आणि "सहकार्य करावे" तर अजिबात नाही. गिऱ्हाईक सहकार्य करायला येत नाही, मोटार भरायला येतो.

बरं, व्यापाऱ्याला मी दुपारी परत फोन केला. परवाच्या भावाने अर्धा माल देतो म्हणालाय. उरलेल्या अर्ध्याचं उद्या त्याच्या दुकानात जाऊन, समोर बसून बोलणार आहे. ज्यांच्या मोटारी त्या तारेसाठी थांबल्यात त्यांनी काळजी करू नका, तुमचा भाव मोटार आली त्या दिवशीचाच.