इंडोल तीनवरच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

इंडोलमध्ये, म्हणजे बेंझीन आणि पायरोलची कडी जोडून बनलेल्या रेणूत, इलेक्ट्रोफाइल तीन नंबरच्या कार्बनवर जोडला जातो, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

"मॅडम, तुमचं स्पष्टीकरण पटलं नाही. इलेक्ट्रोफाइल दोनवर जोडला गेला तर धनभार तीनवर येतो, म्हणजे बेंझिलिक! तो बेंझीनच्या कड्यात पसरतो, रेझोनन्सच्या रचना जास्त मिळतात. पायरोलसुद्धा दोनवरच रिॲक्ट होतं. मग इंडोलचं तीन कुठून आलं?"

तुमची मोजणी बरोबर आहे. पुण्यात एम.एस्सी.च्या वर्गाला शिकवताना दर वर्षी कुणीतरी फळ्याशी येऊन हीच मोजणी करतं, आणि दोनच्या बाजूला खरोखरच जास्त रचना निघतात. माझ्या लेखात हा मुद्दा यायला हवा होता.

आता त्या रचना कागदावर काढून बघा. दोनवर जोडणी झाल्यावर तीनवरचा धनभार बेंझीनच्या कड्यात शिरतो आणि ४, ६ किंवा ७अ या कार्बनवर जातो. यातली प्रत्येक रचना काढताना बेंझीनचा ॲरोमॅटिकपणा मोडावा लागतो. नायट्रोजनची लोन पेअरही मदतीला येते, पण कधी? धनभार ७अ वर पोहोचल्यावर, म्हणजे कड्याचा ॲरोमॅटिकपणा गेल्यावरच. बेंझीन शाबूत ठेवायचं म्हटलं, तर धनभार तीनवरच अडकतो आणि त्या कार्बनचं अष्टक अपुरं राहतं.

तीनवर जोडणी झाली की धनभार दोनवर येतो, अगदी नायट्रोजनच्या शेजारी. लोन पेअर थेट तिकडे वळते, कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध तयार होतो, सगळ्या अणूंची अष्टकं पूर्ण होतात आणि बेंझीनच्या कड्याला धक्काही लागत नाही. अशी एक इमिनियम रचना त्या साऱ्या बेंझिलिक रचनांना भारी पडते. मधला कॅटायन स्थिर असला की तिथवर जाणारी संक्रमण अवस्थाही खालच्या ऊर्जेवर असते, त्यामुळे तीनवरची वाट जलद.

पायरोलमध्ये गमवायला शेजारी बेंझीन नसतंच. म्हणून तिथे निव्वळ मोजणी चालते: दोनवर जोडलं तर तीन रचना, तीनवर जोडलं तर दोन. तोच नियम इंडोलला लावला की फसगत होते.

प्रयोगशाळेत हे पडताळणं सोपं आहे. इंडोलवर डीएमएफ आणि फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड घेऊन विल्समायर करा, मग सोडियम हायड्रॉक्साइडने इमिनियम क्षार फोडा. इंडोल-३-कार्बाल्डिहाइड हाती येईल. इंडोलच्या एनएमआरमध्ये तीनवरच्या हायड्रोजनचा सिग्नल ६.५ पीपीएमच्या आसपास असतो. उत्पादनात तो नाहीसा झालेला दिसेल. दोनवरचा मात्र जागेवर असतो, फक्त ॲल्डिहाइडच्या ओढीने ८ च्या आसपास सरकलेला.

याचा अर्थ दोन नंबर मेलेला आहे असा नाही. स्कॅटोलसारख्या, तीनवर आधीच मिथाइल असलेल्या इंडोलमध्ये शेवटचं उत्पादन दोनवरचंच मिळतं. तिथेही इलेक्ट्रोफाइल बऱ्याचदा आधी तीनवर बसतो आणि मग एक गट दोनवर सरकतो. त्या सरकण्यावर स्वतंत्र लेख लिहिते आहे.